तक्त्यातली चौथी ओळ

माझा धंदा नावांचा आहे आणि या लेखात एकही नाव नाही. लोक आमच्या ऑफिसात त्यांचे दाखले, पत्रिका, रेशनकार्डं विश्वासानं ठेवून जातात. ती नावं चव्हाट्यावर मांडायला मी काही त्यांची भावकी नाही.

कोथरूडमध्ये एका मिठाईच्या दुकानाच्या वर आमचं भाषांतराचं ऑफिस आहे. तिघांचं. मालक म्हणजे आमचे सर, वय सत्तरीच्या पुढं. शिक्का त्यांचा, सही त्यांची आणि खवचटपणाही त्यांचाच. दुसरी मी. तिसरं संगणकावरचं सॉफ्टवेअर. कागदाचा फोटो दिला की ते त्यातली अक्षरं वाचून दाखवतं. सरांनी ते आणलं तेव्हा मला म्हणाले होते, "तुम्हाला मदतनीस आणलाय. सुट्टी मागत नाही." मी म्हटलं, "पगारही मागत नाही, म्हणून आणलात." असो. हा मदतनीस छापील कागद फडाफडा वाचतो, पण जुना हस्तलिखित दाखला पुढं आला की त्याचं घोडं पेंड खातं. एकदा टाचणीच्या भोकाला त्यानं अनुस्वार समजलं आणि एका भल्या माणसाच्या वडिलांचं नाव पार बदलून टाकलं. तेव्हापासून त्यानं वाचलेलं प्रत्येक नाव मी भिंगाखाली धरून मूळ फोटोशी ताडून बघते.

माझं खास काम म्हणजे नावांचा तक्ता. परदेशी पाठवायच्या प्रत्येक फाइलीला तो पहिल्या पानावर लागतो. डावीकडं मूळ देवनागरी, कागदावर जसं दिसतं अगदी तसं, चुकलेल्या वेलांटीसकट. त्याच्या शेजारी रोमन. शेवटी, हे नाव कुठल्या कागदाच्या कितव्या ओळीतून घेतलं ते. रोमनचे नियम सरांनी माझ्या टेबलावरच्या काचेखाली ठेवलेत. पासपोर्ट असेल तर पासपोर्टातलं स्पेलिंग, मग ते कितीही विचित्र असो. पासपोर्ट नसेल तर इतर सरकारी कागदावरचं. तेही नसेल तर माणूस स्वतः सही करतो तसं. आणि काहीच नसेल तर त्या माणसाला विचारायचं. हा शेवटचा नियम वापरायची वेळ फारशी येत नाही, त्यामुळं मी तो जवळजवळ विसरले होते.

या सगळ्याच्या डोक्यावर एक मोठा नियम आहे, माझा लाडका: एक माणूस, एक स्पेलिंग. एकाच बापाचं आडनाव मुलाच्या कागदावर व्ही आणि मुलीच्या कागदावर डब्ल्यू, हे बघितलं की माझं पित्त खवळतं. घरातसुद्धा मी डब्यांवरची लेबलं एका अक्षरात लिहिते. नवरा म्हणतो, तुझ्या तावडीतून साबुदाणाही सुटला नाही.

तर गेल्या वर्षी एक काका आणि काकू आमचा जिना चढून आले. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी कापडी पिशवीत आणि कापडी पिशवी छातीशी. काकू मागून शांतपणे आल्या, खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी आधी माझ्या टेबलावरची धूळ पदरानं पुसली. त्यांची मुलगी परदेशात असते. तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं, दिवस जरा अवघड होते आणि डॉक्टरांनी तिला हालचाल कमी करायला सांगितली होती. आईनं तिकडं जाऊन राहायचं ठरलं होतं. पण व्हिसाच्या कचेरीनं विचारणा करून फाइल परत पाठवली होती. आधी कुण्या एजंटानं भाषांतर करून दिलं होतं, त्यात काकूंचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं. कचेरीनं सभ्य भाषेत विचारलं होतं की या बाई नक्की किती आहेत. उत्तराला पंधरा दिवस दिले होते. त्यातले नऊ आमच्याकडं येईपर्यंत संपले होते.

"आता सगळीकडं एकच करून द्या," काका म्हणाले. "एकदम एकसारखं. काना-मात्रेचाही फरक नको."

हे वाक्य माझ्या कानात मधासारखं शिरलं. एकसारखं करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक मला लाखात एक वाटतं. मी म्हटलं, "काका, तुम्ही योग्य ठिकाणी आलात." सर त्यांच्या टेबलावरून चष्म्यावरून माझ्याकडं बघत होते, त्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

कागद पाच होते. काकूंचा पासपोर्ट, रेशनकार्ड, मुलीचा जन्मदाखला, काकूंचा शाळा सोडल्याचा दाखला आणि घराच्या करारातली दोन पानं. काकूंच्या जन्माची नोंद कुठंच झाली नव्हती, त्यामुळं जन्मतारखेचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला फाइलीत हवाच होता. मांजरी गावच्या शाळेचा दाखला, निळ्या शाईतला, चार घड्या पडलेला. मुलीनं तिकडून आम्हाला पाठवलेला दाखल्याचा फोटो काकांनीच जेवणाच्या टेबलावर ठेवून काढला होता. मागं प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथवरची द्राक्षं आणि कोपऱ्यात काकांचा अंगठा. घडीची रेघ नेमकी नावावरून गेली होती. आमच्या मदतनिसानं ती रेघ अक्षरातच धरली आणि जे काही वाचलं ते कुठल्याच भाषेत बसेना. मी काकांना मूळ दाखला मागितला, खिडकीशी उजेडात नेऊन पाहिला, भिंग लावलं आणि देवनागरी अक्षर न् अक्षर बरोबर उतरवलं. त्याबद्दल मला आजही अभिमान आहे. पुढं जे केलं त्याबद्दल नाही.

माझी पद्धत अशी की देवनागरीचा रकाना आधी संपूर्ण भरायचा. मग माणसांचे गट करायचे: या ओळी वडिलांच्या, या मुलीच्या, या आईच्या. मग एकेका माणसाचं पासपोर्टातलं स्पेलिंग घेऊन त्याच्या सगळ्या ओळींत बसवायचं. प्रत्येक गटाचे क्रमांक वेगळे. आईच्या ओळी होत्या पाच. पाचही ओळींत मी पहिलं नाव पासपोर्टातलंच बसवलं. रकाना असा सरळ दिसत होता की फ्रेम करून लावावा.

आता ज्यांना आपल्याकडची रीत ठाऊक आहे त्यांच्या लक्षात आलंच असेल. दाखल्यात माहेरचं नाव होतं, पासपोर्टात सासरचं. काकूंच्या लग्नात काकांनी ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव लिहिलं होतं, जसं तेव्हा घरोघरी लिहीत. नुसतं आडनाव नाही, मूळ नावच बदललेलं. आणि मी, जिचं स्वतःचं नाव तसंच ताटात बदललं गेलं, मी ते डोळ्यांसमोर असून पाहिलं नाही. चौथ्या ओळीत डावीकडं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. शेजारी रोमनमध्ये सासरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. अशी बाई या पृथ्वीवर कधी जन्माला आलेली नव्हती. ती मी तयार केली होती, एकसारखेपणाच्या हव्यासापोटी.

ऑफिसची एक चाल आहे म्हणून वाचले. तक्ता पूर्ण झाला की गिऱ्हाइकाला समोर बसवायचं. त्यानं डावीकडचं मराठी बोट ठेवून मोठ्यानं वाचायचं, मी उजवीकडचं रोमन वाचायचं, मग दोघांनी खूण करायची. बऱ्याच जणांना याचा कंटाळा येतो. काका तर म्हणाले, "अहो, तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार." सर तिकडून म्हणाले, "तसं असतं तर मी शिक्क्याला कुलूप कशाला लावलं असतं?"

काकूंनी बोट ठेवलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. त्या वाचत होत्या, मी वाचत होते, काका मोबाइलमध्ये विमानाचे दर बघत होते. चौथ्या ओळीवर त्यांचं बोट आलं आणि आवाज थांबला. मग त्यांनी ते नाव वाचलं. हळू, एकेक अक्षर करून, जणू कुणाच्या घराची कडी वाजवतायत. मी माझ्या बाजूचं वाचलं.

"हे काय वाचलंत?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा वाचलं आणि वाचतानाच चूक कळली.

"ही मी नाही," काकू म्हणाल्या. मग डावीकडच्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही हाय. ही मी हाय."

काकांनी मोबाइल खाली ठेवला. "पन्नास वर्षं कोथरूडात राहून हाय म्हणतेस," ते म्हणाले. पण काकूंनी तिकडं लक्ष दिलं नाही.

मी काय झालं ते सांगितलं, माफी मागितली. काकांनी मन मोठं करून ती लगेच स्वीकारली, कारण त्यांच्या मते चूक झालीच नव्हती. "राहू दे ना तसंच," ते म्हणाले. "उलट बरं झालं. सगळीकडं एकच नाव. त्यांना हेच तर हवंय. तिकडं देवनागरी वाचणारा कोण बसलाय?"

मी खोटं बोलणार नाही. क्षणभर मलाही ते पटलं. खरं नाव लिहायचं म्हणजे फाइलीत एकाच बाईची दोन नावं येणार. ज्या कचेरीनं तीन स्पेलिंगांवरून फाइल अडवली, तिच्यापुढं चक्क दुसरं नाव ठेवायचं. मग या दोघी एकच आहेत याचं काकूंचं प्रतिज्ञापत्र हवं, स्टॅम्पपेपर हवा, नोटरी हवा, त्याचं भाषांतर हवं. अर्जातल्या एका रकान्यात 'पूर्वी दुसरं नाव होतं का' असं विचारलं होतं, तिथं एजंटानं 'नाही' लिहून ठेवलं होतं. तेही दुरुस्त करून कळवायला हवं. आणि तक्त्यात दोन दिवस गेलेले, हातात उरले चार. एवढ्यात कुठं घोटाळा झाला तर तिकडं ती मुलगी आईवाचून बाळंत होणार. हे सगळं एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला कुणीही न वाचणारी एक ओळ.

मी सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, "आपण जे दिसतं ते लिहितो. सोयीचं लिहायला वकील आहेत खाली, दुसऱ्या गाळ्यात." मग जरा थांबून काकूंना म्हणाले, "पण आधीच सांगतो, या दोघी एक आहेत हे आम्ही आमच्या तक्त्यात लिहू शकत नाही. ते फक्त तुम्ही शपथेवर सांगू शकता. आणि वेळ थोडा आहे. ठरवायचं तुम्ही."

"तिनं काय ठरवायचंय?" काका म्हणाले. "लेकीचा प्रश्न आहे. नाव काय, एक गेलं, दुसरं आलं. त्याला आता बावन्न वर्षं झाली."

काकूंनी दाखला स्वतःकडं ओढला. दाखल्यात शेरा होता: वर्तणूक चांगली, प्रगती समाधानकारक, सातवी पास. त्या ओळीवर त्यांनी हात ठेवला.

"सातवी पास ही झालीय," त्या म्हणाल्या. "तुमची ती शाळेत गेलीच नव्हती. ती एकदम स्वयंपाकघरातच आली."

खालून मिठाईवाल्याच्या कढईत झारा आपटल्याचा आवाज तेवढा येत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवायच्या भानगडीत पडले नाही.

"आणि लेकीकडं मी जाणारच आहे," काकू पुढं म्हणाल्या. "खोटा कागद घेऊन गेले नि दारात अडवलं तर तिला काय सांगू? स्टॅम्पपेपर कुठं मिळतो ते बघा. अहो, उठा."

काका उठले. पाटबंधारे खात्यातला माणूस, वरून पाणी सुटलं की खालची दारं उघडायची असतात हे त्यांना ठाऊक असावं.

पण जाण्याआधी एक गोष्ट राहिली होती. चौथ्या ओळीचा रोमन रकाना आता रिकामा होता. हे नाव पासपोर्टात नव्हतं, आधारवर नव्हतं, कुठल्याच इंग्रजी कागदावर नव्हतं. ते जेव्हा वापरात होतं तेव्हा त्याला इंग्रजीची गरज पडली नाही, आणि गरज पडायच्या आत ते गेलं. म्हणजे काचेखालचा शेवटचा नियम. मी म्हटलं, "काकू, हे नाव इंग्रजीत कसं लिहू?"

"लिहा, मी सांगतो," काका दारातून म्हणाले.

"तुम्ही एकदा लिहिलंत की," काकू म्हणाल्या. "ताटात."

सर खोकले. त्यांना हसू आलं की ते खोकतात.

मी कागदावर दोन तऱ्हा लिहून दाखवल्या. एकीत पहिल्या अक्षरापुढं एक ए, दुसरीत दोन. वडिलांच्या नावात आणि आडनावात कुठलं अक्षर कसं येईल तेही सांगितलं, कारण तीही कुठल्याच इंग्रजी कागदावर नव्हती, आधी मी ती अंदाजानं लिहिली होती. काकूंनी दोन्ही तऱ्हा चष्मा पुढंमागं करून पाहिल्या, भाजी निवडावी तशा. त्यांना एक ए पुरे वाटला. "उगाच पसारा नको," म्हणाल्या. मग त्यांचं बोट नावातल्या ळ वर आलं. "याचं काय केलंत?"

"इंग्रजीत ळ नाही, काकू. ल साठी जे अक्षर तेच लिहावं लागतं."

त्यांना ते फारसं आवडलं नाही. "म्हणजे तिकडचे मला लहान पोरासारखं बोबडं म्हणणार."

"वाचताना तसं होईल खरं."

"पण शेजारी मराठी राहणार ना? ळ सकट?"

"राहणार. शेजारीच."

"मग चालेल," त्या म्हणाल्या. वीस वर्षं मी हा तक्ता करतेय. डावीकडचा रकाना कशासाठी असतो ते मला नियम म्हणून ठाऊक होतं. समजलं त्या दिवशी.

पेन त्यांच्या हातात दिलं. काय वाटलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, कच्च्या कागदावर तुम्हीच लिहून दाखवा. बसच्या पाट्या वाचून आणि मुलीच्या शाळेच्या वह्यांवरून त्या इंग्रजी अक्षरं शिकल्या होत्या. त्यांनी मी दाखवलेलं समोर ठेवलं आणि सुटी सुटी, मोठी अक्षरं काढली. शेवटच्या अक्षरानंतर पूर्णविराम दिला. नावापुढं पूर्णविराम देत नाहीत हे मी सांगितलं नाही.

पुढचे चार दिवस कसे गेले विचारू नका. स्टॅम्पपेपर दुसऱ्या दिवशी मिळाला, तो लिहून झाल्यावर नोटरी गावाला गेलेला निघाला, दुसरा शोधला तो धायरीला. काका दुचाकीवर काकूंना मागं बसवून घेऊन गेले. नोटरीसमोर काकूंनी दोन्ही नावं मोठ्यानं वाचून सही केली. ते प्रतिज्ञापत्र आमच्याकडं येताच मी भाषांतर केलं, तक्त्यात काकूंच्या गटात सहावी आणि सातवी ओळ आली. सहावी माहेरची, सातवी सासरची, आणि दोन्हींची स्पेलिंगं वरच्या ओळींशी अक्षरशः जुळत होती. इथं मात्र माझा हव्यास कामाला आला. सरांनी सगळं तपासलं, कुलूप काढलं, शिक्का मारला. शेवटच्या दिवशी दुपारी मुलीनं तिकडून कागद चढवले, पूर्वीच्या नावाच्या त्या रकान्यात 'हो' लिहून.

तीन आठवड्यांनी काका पेढे घेऊन आले. खालच्याच दुकानातले, म्हणजे जिना चढण्याआधी सुचलेले. व्हिसा आला होता. काकू जाऊन पोचल्याही होत्या आणि नात झाली होती. मी म्हटलं, "छान झालं हो. आता तुम्ही इथं एकटेच?"

"एकटाच. माझेही कागद करायचेत, मी पुढच्या महिन्यात जातो. पण एक विचारू का?" ते खुर्चीत बसले, कापडी पिशवी मांडीवर घेतली. "विमानतळावर ही आत गेली. आम्हाला बाहेरच अडवतात. रांगेत पुढं सरकली आणि माझ्या लक्षात आलं, तो शपथेचा कागद नि तुमचा तक्ता, सगळी फाइल माझ्याच पिशवीत राहिली. माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली. मी ओरडलो, अगं ए. पाच-सहा बायकांनी बघितलं, हिनं नाही. मग तिच्या नावानं ओरडलो. मी लिहिलेल्या. ढिम्म. वळलीच नाही. बरोबरच आहे म्हणा, बावन्न वर्षांत त्या नावानं मी तिला एकदाही हाक मारलेली नाही. 'अगं'नंच भागलं."

"मग?"

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मग ते दुसरं ओरडलो. ळ सकट."

सर खोकले नाहीत.

"पोरगी शाळेच्या घंटेला वळावी तशी वळली हो," काका म्हणाले. "आणि हसत होती."